रिकामी बाटली किती रिकामी? दुसरीच्या वर्गासाठी फुगा, बाटली आणि अंदाजाचा कागद

झाकण काढलेली एक कोरडी बाटली टेबलावर ठेवून दुसरीच्या मुलांना "यात काय आहे?" असे विचारले, तर "काही नाही" किंवा "रिकामी आहे" असे उत्तर येते. त्या उत्तराला चूक म्हणण्याची घाई करू नये, कारण घरात आपणही डबा रिकामा, हंडा रिकामा असेच बोलतो. या वयाच्या मुलांना हवा ठाऊक नसते असे नाही. सायकलच्या चाकात हवा भरतात, फुग्यात हवा भरतात, हे त्यांनी पाहिलेले असते. अडचण नेमकी तिथेच आहे. हवा ही भरावी लागणारी गोष्ट आहे, आणि जिथे कोणी ती भरली नाही तिथे ती नसते, असा त्यांचा पक्का समज असतो. बाटलीत कोणी हवा भरलेली नाही, म्हणजे बाटलीत हवा नाही, हा त्यांचा तर्क त्यांच्या परीने सरळच आहे.

हा समज "हवा सगळीकडे असते" असे फळ्यावर लिहून जात नाही. तो जातो तो मुलाने स्वतः जोर लावून फुंकल्यावर, आणि तरीही फुगा फुगत नाही हे गालांना जाणवल्यावर. म्हणून हवेवरच्या अनेक प्रयोगांची यादी देण्याऐवजी या लेखात एकच प्रयोग घेतला आहे: बाटलीच्या आत सोडलेला फुगा. त्याच्या आधी पाच मिनिटांची एक तयारी आहे आणि नंतर त्याचेच एक उलटे रूप आहे. सगळे मिळून 35 ते 40 मिनिटांचे दोन तास लागतात.

बाटली आणि फुगा निवडताना

प्रयोग फसतो तो बहुधा सामानामुळे, म्हणून इथे थोडा वेळ घालवणे योग्य आहे. गटाला एक याप्रमाणे अर्धा लिटरच्या शीतपेयाच्या बाटल्या जमवाव्यात. पाण्याच्या बाटल्या सहज मिळतात, पण त्यांचे प्लास्टिक पातळ असते आणि आतून फुंकर बसली की त्यांच्या बाजू फुगतात. बाजू बाहेर सरकल्या की आत तेवढी जागा होते आणि जो फुगा फुगू नये तो थोडा फुगतो. शीतपेयातल्या वायूचा दाब सहन व्हावा म्हणून त्या बाटल्या जाड आणि ताठ केलेल्या असतात आणि आपल्याला नेमके तेच हवे असते. बाटली आतून धुऊन पूर्ण वाळवलेली असावी. ओल्या किंवा साखरेने चिकट झालेल्या भिंतीला फुग्याचे रबर चिकटून बसते आणि मग तो का फुगला नाही हे कळेनासे होते.

फुगे नेहमीच्या वाढदिवसाच्या मापाचे घ्यावेत. जत्रेत मिळणाऱ्या अगदी लहान फुग्यांचे तोंड बाटलीच्या तोंडावर ओढून बसवताना फाटते. गेल्या वर्षीचे उरलेले फुगे वापरू नयेत, कारण उन्हाळा काढलेले रबर ठिसूळ झालेले असते. प्रत्येक फुगा आदल्या दिवशी हातपंपाने दोनदा फुगवून सोडून द्यावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळता येत नाही. कोरा फुगा सात वर्षांच्या मुलाला मोकळ्या हवेतही फुगवता येत नाही आणि जो फुगा बाहेरच फुगत नाही, तो बाटलीत फुगला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

24 मुलांच्या वर्गात चार-चार मुलांचे सहा गट होतात. त्यासाठी सहा बाटल्या आणि एक जास्तीची, प्रत्येक मुलाला स्वतःचा एक फुगा आणि दहा जास्तीचे, काळी इन्सुलेशन टेप, पतंगाच्या कागदाच्या बोटभर लांब पट्ट्या, आणि निळे व लाल तेलखडू एवढे सामान पुरते. एकाच फुग्यात दोघांनी फुंकायचे नाही, हा नियम आरोग्यासाठी आहे आणि तो मोडू देऊ नये. फुग्यावर पेनाने नाव घालून ठेवले की भांडणेही होत नाहीत.

दोन धोके आधीच लक्षात घ्यावेत. न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. म्हणून फुगे मोजून द्यावेत, मोजून परत घ्यावेत आणि फुगा फुटला तर त्याचे तुकडे त्याच क्षणी उचलावेत. तसेच काही मुलांना रबराची ॲलर्जी असते, त्यामुळे फुगा लागल्यावर कोणाच्या ओठांना खाज किंवा सूज येते का, हे पालकांना आदल्या दिवशी विचारून घ्यावे. अशा मुलाकडे बाटली धरण्याचे कामही देऊ नये, कारण त्यातही रबराला हात लागतोच. त्याला फळ्यावर नोंद करायला सांगावे.

भोक कुठे आणि केवढे

प्रत्येक बाटलीला मोठ्या माणसाने घरीच एक भोक पाडून आणावे. पक्कडीत धरलेला खिळा गॅसवर तापवून बाटलीत टोचला की स्वच्छ भोक पडते. हे काम खिडकी उघडी ठेवून करावे, कारण वितळणाऱ्या प्लास्टिकचा वास डोक्यात जातो. भोक तीन ते चार मिलिमीटर रुंद असावे. सुईने पाडलेले भोक पुरत नाही. त्यातून हवा इतकी हळू बाहेर जाते की मूल दोन वेळा फुंकून दमते आणि "भोक असले तरी फुगत नाही" असे सांगते. आणि त्याने जे पाहिले ते तो खरेच सांगत असतो.

भोकाची जागाही महत्त्वाची आहे. ते बाटलीच्या कमरेला पाडले, तर फुगा अर्धा फुगतानाच त्याचे रबर आतून भोकावर बसते आणि भोक बंद होते. अगदी बुडाला पाडले, तर तिथले प्लास्टिक जाड आणि खाचांचे असल्याने बोट नीट बसत नाही. बुडापासून दोन बोटे वर, जिथे बाजू गुळगुळीत आहे, तिथे भोक सर्वांत चांगले चालते. मग त्यावर इन्सुलेशन टेपचे दोन थर घट्ट चिकटवावेत. साधी पारदर्शक चिकटपट्टी गोलाईवर सुरकुतते आणि त्या सुरकुतीतून हवा निसटते.

दोन वेगळ्या बाटल्या, एक भोकाची आणि एक बिनभोकाची, वापरण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. टेप लावलेली एकच बाटली मला अधिक पटते. बाटल्या दोन असल्या की "ती बाटलीच वेगळी आहे" ही पळवाट उरते. एकाच बाटलीवरची टेप काढली, बाकी काहीच बदलले नाही आणि फुगा फुगला, तर मुलाला त्या भोकाकडेच पाहावे लागते.

अंदाजाचा कागद

मराठीत 'अंदाजपत्रक' म्हटले की जमाखर्च डोळ्यांपुढे येतो, म्हणून वर्गात याला सरळ 'अंदाजाचा कागद' म्हणावे. दुसरीतले मूल दोन ओळी लिहिण्यातच थकते, त्यामुळे या कागदावर लिहिण्यापेक्षा रंगवणे जास्त असायला हवे. एका पानावर चार चौकोन आखावेत आणि प्रत्येकात बाटलीची रिकामी बाह्यरेषा काढावी. चौकोनांतला मजकूर असा ठेवता येतो:

नाव: ____________ गट: ______

चौकोन 1. बाटलीच्या तोंडावर बाहेरून फुगा लावला आहे. बाटली दाबली तर फुग्याचे काय होईल?
तसाच लोंबत राहील / उभा राहील / बाटलीत जाईल

चौकोन 2. फुगा बाटलीच्या आत आहे. भोकावर टेप आहे. मी जोरात फुंकले तर फुगा केवढा होईल?
अजिबात फुगणार नाही / थोडासा फुगेल / बाटलीभर फुगेल

चौकोन 3. टेप काढली. मी पुन्हा फुंकले तर फुगा केवढा होईल?
अजिबात फुगणार नाही / थोडासा फुगेल / बाटलीभर फुगेल

चौकोन 4. फुगा बाटलीभर फुगला. भोकावर बोट ठेवले आणि तोंड काढले. फुग्याचे काय होईल?
लगेच बसेल / हळूहळू बसेल / फुगलेलाच राहील

प्रत्येक चौकोनाखाली: मला असे वाटते, कारण ____________

मूल एका पर्यायाला गोल करते आणि बाटलीच्या चित्रात निळ्या खडूने फुगा काढते. हा त्याचा अंदाज. प्रयोग झाल्यावर त्याच चित्रात लाल खडूने प्रत्यक्ष दिसलेला फुगा काढते. निळा फुगा बाटलीएवढा आणि त्याच्या आत लिंबाएवढा लाल फुगा असे चित्र झाले की आपला अंदाज आणि घडलेली गोष्ट यांतले अंतर त्याला एका नजरेत दिसते. या तासाला खोडरबर दप्तरातच ठेवायला सांगावे. चुकलेला अंदाज पुसून बरोबर उत्तर लिहिण्याची सवय पहिलीपासूनच लागलेली असते, आणि तेलखडू निवडण्याचे खरे कारण तो सहज पुसता येत नाही हेच आहे.

दुसऱ्या चौकोनात "थोडासा फुगेल" हा पर्याय जाणूनबुजून आहे. "फुगेल" आणि "फुगणार नाही" एवढे दोनच पर्याय दिले, तर प्रत्यक्षात थोडासा फुगलेला फुगा पाहून एक गट "फुगला" म्हणतो, दुसरा "नाही फुगला" म्हणतो आणि दोघेही खरे बोलत असतात.

अंदाज हात वर करून घेऊ नयेत. वर्गातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या मुलीचा हात कुठे जातो ते पाहून बाकीचे हात वर जातात. प्रत्येकाने आधी आपापल्या कागदावर गोल करावा, मग शेजाऱ्याला दाखवावा. एका वेळी एकाच चौकोनाचा अंदाज घ्यावा आणि लगेच तेवढाच प्रयोग करावा. चारही अंदाज सुरुवातीलाच भरून घेतले, तर पहिल्या प्रयोगात जे कळले ते दुसऱ्या अंदाजात वापरण्याची संधी मुलाला मिळत नाही.

पहिला तास

सुरुवात शिक्षकाने एकट्याने करायची आहे. इथे मात्र एक लिटरची पातळ, बिनभोकाची पाण्याची बाटली हवी, कारण ती दाबायची आहे. बाटली उघडी करून "यात काय आहे?" असे विचारावे आणि मुले देतील ती उत्तरे, "काही नाही" हेसुद्धा, फळ्याच्या एका कोपऱ्यात जशीच्या तशी लिहून ठेवावीत. मग सैल केलेला फुगा बाटलीच्या तोंडावर ओढून बसवावा. तो एका बाजूला लोंबतो. चौकोन 1 चा अंदाज झाल्यावर दोन्ही हातांनी बाटली दाबावी. फुगा ताठ उभा राहतो आणि हात सैल केले की पुन्हा मान टाकतो. मुले हसतात, पुन्हा करायला सांगतात, तेव्हा दोन-तीनदा करून एवढेच विचारावे: "मी तर फुंकले नाही. मग फुग्यात काय गेले आणि ते कुठून आले?" उत्तर मिळाले की फळ्यावरच्या "काही नाही" च्या शेजारी प्रश्नचिन्ह काढावे. ते शब्द मात्र पुसू नयेत.

त्यानंतर गटांना फुगे द्यावेत आणि प्रत्येकाने आपला फुगा आधी मोकळ्या हवेत एकदा फुगवून दाखवावा, असे सांगावे. या पायरीला वगळू नये. पुढे फुगा अडला की "माझा फुगाच खराब आहे" किंवा "मला फुंकता येत नाही" अशी दोन कारणे मुले हमखास देतात आणि त्यांना तिथल्या तिथे "आत्ताच तर तू तो फुगवलास" असे म्हणता आले पाहिजे. ज्याला हवेतही फुगवता येत नाही, त्याच्या फुग्याला पंपाने आणखी एकदा ताणून द्यावे.

आता फुगा बाटलीत. फुग्याचे पोट पेन्सिलीच्या बोथट बाजूने हलकेच आत ढकलावे आणि तोंडाची कड बाहेर ओढून बाटलीच्या तोंडावर, आट्यांच्या खालपर्यंत, चढवावी. सात वर्षांच्या बोटांना हे जमत नाही, म्हणून पहिल्यांदा शिक्षकाने प्रत्येक गटाकडे जाऊन ते करून द्यावे. चौकोन 2 चा अंदाज रंगवून झाला की पहिले मूल फुंकते, दुसरे बाटली हलक्या हाताने, न दाबता, धरते, उरलेले दोघे पाहतात. मग आपला फुगा लावून दुसऱ्याची पाळी. चार पाळ्यांना दहा-बारा मिनिटे लागतात.

मूल फुंकते, गाल फुगतात, चेहरा लाल होतो आणि फुगा जरासा ताणून तिथेच थांबतो. या क्षणी शिक्षकाने स्पष्टीकरण देऊ नये. "कशामुळे अडले असेल?" असे विचारून मुलांची कारणे फळ्यावर घ्यावीत. माझ्या वर्गात वरचेवर येणारी कारणे अशी असतात: फुगा खराब आहे, हिची फुंकर कमी पडते, बाटलीचे तोंड अरुंद आहे, बाटली लहान आहे. क्वचित कोणी "आत आधीच हवा बसली आहे" असेही म्हणते, पण ते उत्तर आले म्हणून बाकीची टाकून देऊ नयेत. फुगा खराब नाही हे मघाशीच दिसले आहे. फुंकर कमी आहे का हे तपासायला वर्गातल्या सर्वांत जोरकस मुलाला, आणि शेवटी बाईंना, स्वतःच्या फुग्याने फुंकायला लावावे. बाईंनाही जमत नाही हे पाहून मुलांना जो आनंद होतो तो वेगळाच असतो. तोंड अरुंद आहे आणि बाटली लहान आहे, ही दोन कारणे दुसऱ्या तासासाठी ठेवावीत.

दुसरा तास: टेप काढल्यावर

दुसऱ्या दिवशी त्याच बाटल्या, तेच फुगे. मुलांना भोक दाखवून टेप काढावी आणि चौकोन 3 चा अंदाज घ्यावा. मग फुंकले की दोन-तीन फुंकरींत फुगा बाटलीच्या भिंतींना जाऊन टेकतो. बाटलीचे तोंड कालच्याएवढेच अरुंद आहे आणि बाटली कालचीच आहे, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. कालची दोन उरलेली कारणे इथे आपोआप गळतात.

आता या धड्यातली सर्वांत नाजूक जागा येते. फुगा फुगलेला पाहून बरीच मुले म्हणतात, "भोकातून फुग्याला हवा मिळाली." त्यांच्या मते भोक मदत करते ते हवा आत घेऊन. हे उत्तर अर्धे बरोबर वाटून शिक्षक पुढे जातात आणि मूल नेमका उलटा समज घेऊन घरी जाते. यावर वाद घालू नये, पतंगाच्या कागदाची पट्टी काढावी. गटातल्या एकाने पट्टीचे वरचे टोक धरून खालचे टोक भोकासमोर लोंबत ठेवावे आणि दुसऱ्याने फुंकावे. पट्टी बाटलीपासून दूर उडते. शेजारच्या मुलाने ओले बोट भोकापाशी धरले, तर त्याला गार वारा लागतो. हवा भोकातून बाहेर येत आहे. मग प्रश्न असा विचारावा: "फुंकर तर फुग्यात गेली. मग ही बाहेर आलेली हवा कुठली?" फुग्यातली हवा रबराच्या आड आहे, ती भोकातून येऊ शकत नाही. म्हणजे ही हवा आधीपासून बाटलीतच होती. एका वर्षी एका मुलीने याचे उत्तर "ती बाटलीत राहत होती, फुगा आला म्हणून तिला घर सोडावे लागले" असे दिले होते. त्याहून नेमके वाक्य मला अजून सुचलेले नाही.

इथे टेप पुन्हा लावून एकदा आणि काढून एकदा फुंकायला सांगावे. बदलणारी गोष्ट टेप एवढीच आहे, हे या उलटसुलट करण्यातून पक्के होते. मगच लाल खडूने चित्र पूर्ण करून घ्यावे.

बोटाची गंमत

चौथा चौकोन हा त्याच विचाराचा उलटा भाग आहे. भोक उघडे ठेवून फुगा बाटलीभर फुगवायचा, फुंकणाऱ्याने तोंड न काढता दुसऱ्याने भोकावर बोट घट्ट दाबायचे आणि मग तोंड काढायचे. फुग्याचे तोंड सताड उघडे असूनही तो फुगलेलाच राहतो. मुले वरून आत डोकावतात, कोणी पेन्सिल आत घालून पाहते. बोट उचलले की फुगा झटकन बसतो. अंदाजात मुले जवळपास एकमुखाने "लगेच बसेल" म्हणतात, त्यामुळे कागदावर निळा आणि लाल यांच्यात सर्वांत मोठा फरक याच चौकोनात दिसतो.

कारण मुलांच्या भाषेत असे सांगता येते: फुगा बसला की बाटलीत त्याने अडवलेली जागा मोकळी होणार. ती जागा भरायला बाहेरून हवा आत यायला हवी. बोटाने वाट अडवली आहे, हवा येत नाही, म्हणून फुग्याला जागा सोडता येत नाही. पट्टीची परीक्षा इथेही घ्यावी. बोट उचलताच पट्टी या वेळी भोकाकडे ओढली जाते.

फुगवलेल्या फुग्यात पाणी ओतून बोट उचलले, तर फुगा आवळला जाऊन पाण्याचा फवारा वर उडतो. हा प्रकार मैदानात आणि शेवटच्या दहा मिनिटांतच करावा. तो आधी दाखवला, तर नंतर कोणीही अंदाज रंगवत बसत नाही.

फसले तर कसे ओळखावे

टेप लावलेल्या बाटलीत फुगा हळूहळू मोठा होत गेला, तर हवा कुठून तरी निसटत आहे. साबणाचे पाणी बोटाने टेपच्या कडेला आणि बाटलीच्या मानेभोवती लावून फुंकावे. जिथे बुडबुडे येतील तिथे गळती आहे. टेपपाशी असेल तर बाटली पुसून कोरडी करावी आणि नवी टेप लावावी. मानेपाशी असेल तर फुग्याची कड फाटलेली असते किंवा एका बाजूने आट्यांवर नीट चढलेली नसते. बुडबुडे कुठेच नाहीत, पण फुंकताना प्लास्टिकचा कडकड आवाज येतो, असे असेल तर बाटलीच्या बाजू फुगत आहेत आणि बाटली बदलणे हाच उपाय आहे.

भोक उघडे असूनही फुगा अडला, तर आधी भोकावर कोणाचा तळवा तर नाही ना ते पाहावे. लहान मुले बाटली मुठीत धरतात आणि हे वारंवार घडते. चौथ्या प्रयोगात फुगा बोट ठेवूनही हळूहळू बसत असेल, तर बोट भोकावर पूर्ण टेकलेले नाही. अंगठ्याने दाबायला सांगावे.

शिक्षकाने स्वतःसाठी जाणून ठेवावे असे

टेप लावलेल्या बाटलीत फुगा अजिबात न फुगता थोडासा का फुगतो, हा प्रश्न चाणाक्ष मूल विचारतेच. हवा जागा व्यापते, पण ती दाबली जाऊ शकते. रॉबर्ट बॉइल याने 1662 मध्ये मांडलेल्या नियमानुसार, तापमान तेच असताना दाब जितक्या पटीने वाढतो तितक्याच पटीने हवेचे आकारमान घटते. बाटलीतल्या हवेवरचा दाब फुंकरीमुळे विसाव्या हिश्शाने वाढला असे धरले, तर 500 मिलिलिटर हवा आकसून सुमारे 476 मिलिलिटर होते. सुटलेल्या 24 मिलिलिटर जागेत फुगा लहान लिंबाएवढा मावतो. एक लिटरच्या बाटलीत हीच जागा दुप्पट होईल आणि फुगा बराच फुगल्यासारखा दिसेल. लहान बाटली निवडण्याचे हे दुसरे कारण आहे. मुलांना मात्र "तू जोर लावलास म्हणून आतली हवा थोडी दाटीवाटीने बसली" एवढे उत्तर पुरते. भरलेल्या एसटीत एक माणूस आणखी चढतो, तसेच.

बोटाच्या प्रयोगाचे स्पष्टीकरण देताना "बाटलीत निर्वात पोकळी तयार होते" असे म्हणू नये, कारण ते खरे नाही. फुगा किंचित आकसतो, त्याच्या बाहेरची हवा किंचित विरळ होते आणि तिचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी होतो. उघड्या तोंडातून आत आलेली बाहेरची हवा फुग्याला भिंतीशी दाबून ठेवते. 'हवेचा दाब' हा शब्द दुसरीत आणायची गरज नाही.

हा प्रयोग हवेला वजन असते हे दाखवत नाही. काही ठिकाणी दोन्ही गोष्टी एकाच तासात उरकल्या जातात आणि मुलांच्या मनात "जागा" आणि "वजन" यांची सरमिसळ होते. वजनाचा विषय वेगळ्या दिवशी घ्यावा.

कळले की नाही, हे पाहण्यासाठी

आठवड्याने, फुगे नजरेआड झाल्यावर, कागदाच्या मागच्या बाजूला पाचवा अंदाज घ्यावा. बिनभोकाच्या कोरड्या बाटलीच्या तोंडात लहान नरसाळे ठेवून भोवतीची फट घट्ट मळलेल्या कणकेने लिंपून टाकावी. नरसाळ्याची नळी पेन्सिलीएवढी बारीक असावी. नळी रुंद असली, तर एका बाजूने पाणी उतरते, दुसऱ्या बाजूने हवा गुडगुड करत वर येते आणि प्रयोग फिसकटतो. कणीक सैल असली तरी तेच होते. नरसाळ्यात एकदम पेलाभर पाणी ओतले, तर ते बाटलीत जाईल का, असे विचारून चित्रात पाणी निळ्या खडूने रंगवायला सांगावे. थोडे पाणी उतरते आणि उरलेले नरसाळ्यातच थांबते. कणकेला पेन्सिलीने एक भोक पाडले की पाणी सरसर खाली जाते.

इथे पाणी कुठे रंगवले आहे यापेक्षा "कारण" या शब्दापुढे काय लिहिले आहे ते वाचावे. "भोक नाही म्हणून" एवढेच लिहिणाऱ्या मुलाने युक्ती लक्षात ठेवली आहे. "आतल्या हवेला जायला जागा नाही" असे मोडक्यातोडक्या अक्षरांत लिहिणाऱ्याने बाटलीतली हवा पाहिली आहे. पहिल्या प्रकारच्या मुलांना पुन्हा एकदा पतंगाच्या कागदाची पट्टी हातात देऊन कणकेच्या भोकासमोर ती धरायला सांगावी आणि दुसऱ्याने पाणी ओतावे. ती पट्टी कोणत्या बाजूला हलते, हे त्या मुलालाच सांगू द्यावे. पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली उत्तरे तोवर पुसली गेली असतील, तर ती वहीत उतरवून ठेवलेली असावीत. तीच बाटली पुन्हा टेबलावर ठेवून "यात काय आहे?" हा प्रश्न या तासाच्या शेवटी परत विचारायचा आहे.